नोकरी शोधतेय, पण साहेबांना कळू न देता

हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीत सकाळी साडेअकराच्या सुमाराला जिन्याने जाऊन पाहावं. लिफ्ट असताना जिना कोण चढतो? तिथे भेटतात ती फोनवर बोलणारी माणसं. आवाज दबका, नजर वरच्या वळणावर. "हो, टोटल सात वर्षं. नाइन्टी डेज. नाही, बायआउट होईल बहुतेक." वरून पावलं वाजली की वाक्य मध्येच तुटतं आणि "बरं आई, संध्याकाळी करते फोन" असं म्हणत बोलणारी व्यक्ती खालच्या मजल्यावर सरकते. उतरणाराही काही विचारत नाही. गेल्या वर्षी तो याच पायरीवर उभा असतो.

फोन आला म्हणजे कुणाला तरी कळलं आहे, की ही व्यक्ती बदलाला तयार आहे. नेमकं कुणाला कळलं, कसं कळलं आणि त्यापुढे आणखी कुणाला कळणार, याचा हिशेब मात्र जिन्यातल्या फारच थोड्यांनी मांडलेला असतो. हातात दुसरं ऑफर लेटर नसताना 'हा चालला' अशी कुणकुण मॅनेजरला लागली, तर अप्रेझल, नवं प्रोजेक्ट, परदेशवारी या सगळ्यावर सावट येतं. पगारवाढीचं बजेट मर्यादित असताना ते निघालेल्या माणसावर कोण खर्च करील? दुसरीकडे, कुणाला काहीच कळू दिलं नाही तर फोनही येत नाही. नोकरीत असताना नोकरी शोधणाऱ्याची अडचण ही अशी आहे. दार उघडं आहे हे बाहेर दिसायला हवं, आणि घरातल्यांना ते बंदच वाटायला हवं.

वर्तमानपत्रांच्या काळात या अडचणीचं रूप वेगळं होतं. रविवारच्या अंकात नोकरीच्या जाहिराती यायच्या. त्यातल्या काहींत कंपनीचं नाव नसायचं, फक्त बॉक्स नंबर. अर्ज वर्तमानपत्राच्या पत्त्यावर जायचा आणि तिथून कंपनीकडे. लपायची सोय होती ती कंपनीला, उमेदवाराला नव्हे. नाव, पत्ता, सध्याचा पगार आणि 'बदल का हवा' याचं कारण लिहून टपालात टाकलेला अर्ज आपल्याच साहेबांच्या टेबलावर जाऊन पडण्याची शक्यता तेव्हाही होती. बॉक्स नंबरचा हा वारसा आजच्या जॉब पोर्टलवर 'कॉन्फिडेन्शियल' नावाने येणाऱ्या जाहिरातींनी चालवला आहे. त्यांना अर्ज करताना कामाचं वर्णन आपल्याच टीमच्या कामासारखं वाटलं, तर चार वेळा विचार करावा.

उमेदवाराला लपता येईल अशी सोय मोठ्या प्रमाणावर आली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये. लिंक्डइनने 'ओपन कँडिडेट्स' नावाचं बटण आणलं. ते दाबलं की आपण नव्या कामाला तयार आहोत हे फक्त रिक्रूटरांना दिसायचं, आणि आपल्या स्वतःच्या कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवलं जायचं. पुढे कोविडमध्ये लाखोंच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा, जून २०२० मध्ये, त्याच कंपनीने फोटोभोवती लावायचं हिरवं कडं दिलं. त्यावर लिहिलेलं असतं #OpenToWork. हे कडं म्हणजे दवंडीच. नोकरी गेलेल्याने ती पिटावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नोकरीत असलेल्याने चुकून ते लावलं, तर दुपारच्या जेवणापर्यंत अख्ख्या फ्लोअरला बातमी लागते.

या दोन्ही सोयी आज एकाच जागी आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त एका टिचकीचं अंतर आहे. ते नीट समजून घ्यायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाणेरला राहणारी, हिंजवडीत एका गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करणारी टेस्ट लीड. सात वर्षांचा अनुभव, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड. कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहाची उपकंपनी. हिला घाई नाही, पण बरं काही आलं तर हवं आहे.

ती आपलं प्रोफाइल उघडते. फोटोखाली Open to असं बटण असतं. त्यातला Finding a new job हा पर्याय निवडला की प्रश्न येतात. कुठलं पद हवं, कुठल्या शहरात, ऑफिसात येऊन की घरून, आणि केव्हापासून. 'केव्हापासून'ला दोन उत्तरं आहेत. एकाचा अर्थ 'लगेच, जोमाने शोधतेय', दुसऱ्याचा 'सवडीने पाहतेय'. तिच्यासाठी दुसरं खरं आहे आणि तेच तिने निवडावं, कारण 'लगेच' म्हणणाऱ्या उमेदवाराचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा निघाला की रिक्रूटर वैतागतो. सगळ्यांत शेवटी, बहुतेकांची नजर जिथून घसरते अशा जागी, खरा प्रश्न येतो. हे कुणाला दिसावं? All LinkedIn members की Recruiters only? पहिला पर्याय म्हणजे ते हिरवं कडं. दुसरा म्हणजे झाकली मूठ.

मूठ किती झाकलेली आहे, हे मात्र बघायला हवं.

'फक्त रिक्रूटर' याचा अर्थ 'जे चांगले, जबाबदार रिक्रूटर आहेत ते' असा नाही. लिंक्डइन 'रिक्रूटर' या नावाचं एक साधन कंपन्यांना पैसे घेऊन वापरायला देतं. ते ज्याच्याकडे आहे तो रिक्रूटर. त्या साधनात उमेदवार शोधताना 'कामाला तयार असलेले' एवढेच लोक गाळून पाहता येतात. आपल्या टेस्ट लीडने खूण केली की ती त्या गाळणीत वर येते. एखाद्या रिक्रूटरला 'ऑटोमोटिव्ह टेस्टिंग, पुणे' असे पाचशे लोक सापडले, तर तो फोन करायला सुरुवात करतो ती या वरच्या लोकांपासून. या खुणेची सगळी किंमत एवढीच, आणि ती कमी नाही.

आता तिच्या स्वतःच्या कंपनीतल्या एचआरकडेही तेच साधन आहे. त्यांच्यापासून ही खूण लपते कशी? लिंक्डइन दोन प्रोफाइलांची तुलना करतं. शोधणाऱ्या रिक्रूटरची कंपनी कोणती आणि उमेदवाराची सध्याची कंपनी कोणती? दोन्ही एकच असतील, किंवा एकमेकींशी संबंधित आहेत असं लिंक्डइनला ठाऊक असेल, तर खूण दाखवली जात नाही. प्रोफाइल दिसतंच, फक्त त्यावरची खूण नसते. आणि लिंक्डइन स्वतःच तिथे स्पष्ट लिहितं, की तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरांपासून हे लपवायचा आम्ही प्रयत्न करतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी देऊ शकत नाही. हे वाक्य बारीक अक्षरातलं म्हणून सोडून द्यायचं नाही. सगळी गोम त्यातच आहे.

पहिली फट तिच्या स्वतःच्याच प्रोफाइलमध्ये असू शकते. नोकरी भरताना कंपनीचं नाव टाइप करू लागलं की खाली यादी येते आणि त्यातून कंपनीचं अधिकृत पान निवडायचं असतं. घाईत अनेक जण नाव नुसतंच टाइप करून पुढे जातात. मग नावाशेजारी कंपनीचा लोगो येत नाही, राखाडी चौकोन दिसतो. माणसाला ते नाव वाचता येतं, पण यंत्राच्या लेखी ही बाई त्या कंपनीत नाहीच. मग तिला तिच्याच एचआरपासून लपवणार कसं? म्हणून खूण करण्याआधी पहिलं काम हे, की सध्याच्या नोकरीशेजारी योग्य लोगो दिसतोय का ते पाहायचं. गंमत अशी की मागे एकदा कंपनीचं नाव बदललेलं असतं, विलीनीकरण झालेलं असतं, आणि प्रोफाइल अजून जुन्या पानाला चिकटलेलं असतं. तेही तपासावं लागतं.

दुसरी फट उद्योगसमूहाची. तिची कंपनी उपकंपनी आहे. मूळ कंपनी, बहीण कंपन्या, परदेशातली शाखा या सगळ्यांचं नातं लिंक्डइनच्या दप्तरी नोंदलेलं असेलच असं नाही. समूहाचं मनुष्यबळ खातं एकत्र चालत असेल आणि तिथला रिक्रूटर बहीण कंपनीच्या नावाने बसलेला असेल, तर खूण त्याला दिसू शकते. भारतात मोठ्या समूहांमध्ये डझनावारी कंपन्या असतात, तिथे ही शक्यता कागदावरची नाही.

तिसरी फट सगळ्यांत मोठी, आणि तिला इलाज कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. ती म्हणजे कन्सल्टन्सी. बऱ्याच कंपन्या माणसं शोधायचं काम बाहेरच्या एजन्सींना देतात. एजन्सीतल्या मुलाच्या प्रोफाइलवर कंपनी म्हणून एजन्सीचं नाव असतं. तो आज तुमच्याच कंपनीसाठी माणसं शोधत असला, रोज तुमच्याच एचआरशी बोलत असला, तरी गाळणीच्या दृष्टीने तो परका. त्याला खूण दिसते. तो मुद्दाम चुगली करील असं नाही. पण "मॅडम, तुमच्याकडचेच तीन-चार जण मार्केटमध्ये आहेत" हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज निघून जातं.

नोकरी डॉट कॉमवरची तऱ्हा थोडी वेगळी, पण दुखणं तेच. १९९७ पासून चालत आलेल्या या पोर्टलवर रिक्रूटर 'रेझडेक्स' नावाच्या भांडारात शोध घेतात. तिथे उमेदवाराला ठरावीक कंपन्यांना अडवता येतं. सेटिंगमध्ये जाऊन नावं टाकायची, म्हणजे त्या कंपन्यांना प्रोफाइल दिसत नाही. इथे खूण नव्हे, अख्खं प्रोफाइलच लपतं, हा मोठा फायदा. तोटा असा की नावं आपली आपणच आठवून टाकायची. टेस्ट लीडने फक्त स्वतःच्या कंपनीचं नाव टाकून थांबू नये. मूळ कंपनी, बहीण कंपन्या, ज्या ग्राहक कंपनीच्या प्रोजेक्टवर ती बसते ती कंपनी, आणि आपल्या कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ज्या कन्सल्टन्सींची नावं तिला ठाऊक आहेत त्या, अशी यादी आधी कागदावर करावी. कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना "तुला कुणाचा फोन आला होता?" असं सहज विचारलं, तरी दोन-तीन नावं हाती लागतात.

नोकरीवर आणखी एक गोष्ट बोलते, ती म्हणजे ताजेपणा. रिक्रूटरला उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता, प्रोफाइल कधी बदललं, यावरून यादी लावता येते. म्हणून पुण्या-बंगळुरातल्या मुलांमध्ये एक तोडगा चालतो. रोज सकाळी हेडलाइनमध्ये एक पूर्णविराम टाकायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. प्रोफाइल रोज ताजं. तोडगा चालतो खरा, फोनही वाढतात. पण अडवायच्या यादीतून सुटलेल्या एखाद्या ओळखीच्या रिक्रूटरलाही तोच ताजेपणा दिसत असतो. सात वर्षं झोपलेलं प्रोफाइल आज सकाळी जागं झालं, हे कळायला दुसरी कुठली खूण लागत नाही.

आणि सीव्हीचं काय? प्रोफाइल लपवता येतं, बंद करता येतं, पुसताही येतं. एकदा डाउनलोड झालेली सीव्हीची फाइल मात्र कायमची बाहेर जाते. ती मेलमधून फिरते, कन्सल्टन्सीच्या एक्सेलमध्ये बसते, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाते. दोन वर्षांपूर्वीच्या सीव्हीवरून आजही फोन येतात, हा अनुभव बहुतेकांना आहे. त्यामुळे पोर्टलवर चढवायच्या सीव्हीवर घरचा पत्ता, जन्मतारीख, चालू प्रोजेक्टमधल्या ग्राहकाचं नाव हे काही नसावं. वैयक्तिक ई-मेल आणि एक फोन नंबर एवढं पुरतं. फाइलच्या नावात महिना-वर्ष टाकलं, तर जुनी प्रत फिरतेय की नवी, हे फोनवर एका प्रश्नात कळतं.

खूण लपवली, कंपन्या अडवल्या. तरीही साहेबांना कळतं, ते कशावरून?

याचं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसतं. हायक्यू लॅब्स नावाची कॅलिफोर्नियातली छोटी कंपनी लिंक्डइनवरची सार्वजनिक प्रोफाइलं यंत्राने गोळा करायची. कुठलंही कुलूप तोडून नव्हे, तर लॉगिन न करता कुणालाही दिसतं तेवढंच. त्या माहितीवरून ती मोठ्या कंपन्यांना 'कीपर' नावाचं उत्पादन विकायची. तुमच्यापैकी कोणते कर्मचारी दुसऱ्या कंपन्यांच्या गळाला लागण्याचा धोका सगळ्यांत जास्त आहे, हे ते सांगायचं. मे २०१७ मध्ये लिंक्डइनने तिला हे थांबवण्याची नोटीस पाठवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. लिंक्डइनने तिथे सदस्यांच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला. प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवू नयेत असं एक सेटिंग आहे आणि पाच कोटींहून अधिक सदस्यांनी ते कधी ना कधी वापरलं आहे, असं तिने सांगितलं. माणसं प्रोफाइल बदलतात आणि ते बदल मालकाला कळू नयेत असं त्यांना वाटतं, याचा हा दाखला होता.

मजा पुढे आहे. लिंक्डइन स्वतःच रिक्रूटरांना अशी सोय विकत होतं, की एखाद्या व्यक्तीवर नजर ठेवा, तिने प्रोफाइल बदललं की तुम्हाला कळवू, आणि तिला मात्र त्याचा पत्ता लागणार नाही. ही गोष्ट कोर्टाच्या नजरेतून सुटली नाही. २०१९ मध्ये अपील कोर्टाने हायक्यूच्या बाजूचा तात्पुरता आदेश कायम ठेवला. पुढे खटला वर-खाली होत राहिला आणि २०२२ च्या अखेरीस तो लिंक्डइनच्या बाजूने मिटला, पण तोवर हायक्यूने गाशा गुंडाळला होता. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी नोकरदाराने यातून एक गोष्ट उचलावी. पाळत ठेवली जाते ती हालचालीवर. खूण कितीही लपवा, एका रविवारी दुपारी बसून नवा फोटो, नवी हेडलाइन, चौदा नवी कौशल्यं आणि तीन जुन्या साहेबांच्या शिफारशी असं सगळं एकदम केलं, तर ते वाचायला कुठलं यंत्र लागत नाही. कँटीनमधला शेजारीही ते वाचतो. शिफारशींवर तर तारीखच असते.

म्हणून टेस्ट लीडचा क्रम असा असावा. सगळ्यांत आधी, प्रोफाइलला हात लावण्यापूर्वी, Settings मधल्या Visibility विभागात जाऊन नोकरी-शिक्षणातले बदल ओळखीच्यांना कळवण्याची सोय बंद करायची. नोकरीची नोंद बदलताना पडद्यावर Notify network असंही एक बटण येतं, तेही बंद आहे ना हे दर वेळी पाहायचं. मग पहिल्या आठवड्यात फक्त हेडलाइन. दुसऱ्या आठवड्यात सध्याच्या कामाचं वर्णन, तेही कंपनीला अभिमान वाटेल अशा सुरात. त्यानंतर कौशल्यं, दोन-दोन, तीन-तीन करून. सव्वा-दीड महिन्याने प्रोफाइल नीटनेटकं झालं की मगच Recruiters only ची खूण. उलटा क्रम केला तर रिक्रूटर अर्धवट प्रोफाइल पाहून पुढे जातो आणि नंतरची डागडुजी सगळ्यांसमोर होते. याहून बरा उपाय म्हणजे नोकरी शोधायची नसतानाही वर्षातून दोनदा प्रोफाइलवरून हात फिरवत राहणं. ज्याच्या घरी दर सहा महिन्यांनी रंगरंगोटी होते, त्याच्या घरी लग्न ठरलंय का असं कुणी विचारत नाही.

झालेलं काम तपासायची सोपी युक्ती आहे. फोनवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची आणि लॉगिन न करता आपल्या प्रोफाइलचा पत्ता टाकायचा. हायक्यूसारख्यांना दिसतं ते एवढं. जे जास्तीचं दिसतंय ते सार्वजनिक प्रोफाइलच्या सेटिंगमधून एकेक भाग बंद करून झाकता येतं. नंतर ऑफिसातल्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीच्या फोनवर तेच पान पाहायचं. हिरवं कडं किंवा 'ओपन टू वर्क'ची पट्टी दिसली, तर पर्याय चुकीचा निवडला गेलाय. ती मैत्रीण दुसऱ्या कंपनीत रिक्रूटर असेल तर उत्तमच. तिच्या साधनातून खूण दिसते का, हेही मग कळतं.

एवढं करून माणसं घात करून घेतात ते भलत्याच ठिकाणी. लिंक्डइनवर कुणीतरी 'पुण्यात ऑटोमोटिव्ह टेस्टरची गरज आहे' अशी पोस्ट टाकतं आणि खाली शेकडो लोक लिहितात, 'Interested sir'. काही जण ओळखीच्याला मदत म्हणून 'CFBR' लिहितात, म्हणजे पोस्ट आणखी लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून केलेली कमेंट. हे सगळं सर्वांना दिसतं. इतकंच नाही, आपण कमेंट केली की ती पोस्ट आपल्या ओळखीच्यांच्या पुढ्यात जाऊन पडते आणि वर आपलं नाव असतं. Recruiters only निवडणारी व्यक्ती सायंकाळी अशा पोस्टवर 'Interested' लिहिते, तेव्हा पुढचं दार लावून मागचं सताड उघडल्यासारखं होतं. अशा वेळी पोस्ट टाकणाऱ्याला थेट निरोप पाठवावा. लाइकसुद्धा करू नये.

दुसरी गाफील जागा म्हणजे ऑफिसचा मेल. कित्येकांनी पहिल्या नोकरीत लिंक्डइन खातं ऑफिसच्या ई-मेलवरून उघडलेलं असतं आणि नंतर ते तसंच राहतं. रिक्रूटरचा निरोप, जॉब अलर्ट, मुलाखतीचं आमंत्रण हे सगळं मग कंपनीच्या सर्व्हरवर येतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा हक्क असतो आणि त्यावरच्या हालचाली पाहण्याची तरतूद बहुतेक कंपन्यांच्या धोरणात असते. खातं वैयक्तिक मेलवर हलवायचं, सीव्ही स्वतःच्या फोनवर ठेवायचा, आणि ऑफिसच्या वायफायऐवजी स्वतःचा डेटा वापरायचा. दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजरचं प्रोफाइल उघडून पाहण्याआधी Profile viewing options मध्ये खासगी पर्याय निवडायचा, नाहीतर त्याला आपलं नाव दिसतं. मात्र मोफत खात्यावर हा पर्याय घेतला की आपल्याला कोण पाहून गेलं तेही कळेनासं होतं. देवाणघेवाणीचा व्यवहार आहे.

यंत्राचं सांभाळून झालं तरी माणसं उरतातच. पुण्यातलं ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरचं वर्तुळ लहान आहे. जुना सहकारी म्हणतो, "सीव्ही पाठव, रेफर करतो," आणि त्याला त्यासाठी बक्षीसही मिळतं. पण पलीकडचा मॅनेजर सीव्ही पाहतो, सामायिक ओळखीचे कोण ते बघतो आणि त्यातल्या एकाला फोन लावतो, "कशी आहे रे ही?" तो एक जण तिच्या सध्याच्या साहेबांबरोबर दर रविवारी बॅडमिंटन खेळत असतो. मित्रयादी लपवता येते, पण सामायिक ओळखीचे लपत नाहीत. त्यामुळे रेफर करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावं, की माझ्या कंपनीत सध्या कुणाला माहीत नाही, ऑफर हातात येईपर्यंत तिथल्या कुणाला विचारू नये. हे सांगण्यात संकोच वाटायचं कारण नाही. पलीकडचा मॅनेजरही कधीतरी असाच आलेला असतो आणि एचआरला तर ही विनंती रोजची असते. अर्जात 'सध्याच्या मालकाशी संपर्क साधावा का' असा प्रश्न असेल, तर तिथे 'आत्ता नको' हेच उत्तर द्यायचं.

आणि साहेबांनीच सरळ विचारलं तर? "लिंक्डइन फार चकाचक केलंयस हल्ली, काय विचार आहे?" तेव्हा शपथा घेऊन नाही म्हणणं अंगाशी येतं, कारण दोन महिन्यांनी पेपर टाकताना तेच साहेब समोर असतात. "सात वर्षांत हात लावला नव्हता, म्हटलं एकदा नीट करावं" हे खरंही आहे आणि पुरेसंही.

आता ही टेस्ट लीड जिन्यात उभी आहे. कन्सल्टन्सीतल्या मुलाचा फोन आहे. "मॅडम, टियर वन क्लायंट आहे, ऑटोमोटिव्हमधलाच, बाणेरला ऑफिस. सीव्ही पाठवून देऊ का आजच?" इथे बहुतेक जण उत्साहात 'हो' म्हणतात. ती विचारते, "क्लायंटचं नाव काय?"

"मॅडम, ते शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगतो आम्ही. पॉलिसी आहे."

"नाव कळल्याशिवाय सीव्ही कुठेही पाठवू नका. मी तसा मेल टाकतेय तुम्हाला, त्यावरच नाव कळवा."

ती दोन ओळींचा मेल लिहिते. माझ्या लेखी होकाराशिवाय माझा सीव्ही कुठल्याही कंपनीला देऊ नये, आणि सोबत दिलेल्या कंपन्यांना अजिबात देऊ नये. सोबत तीच यादी, जी तिने पोर्टलसाठी कागदावर केली होती. वीस मिनिटांनी उत्तर येतं. "सॉरी मॅडम, हा क्लायंट तुमच्या लिस्टमधला चौथ्या नंबरचा आहे. दुसरी एक ओपनिंग आहे, नाव खाली दिलंय."

चौथ्या क्रमांकावर तिच्या समूहाची बहीण कंपनी होती, तिचं ऑफिस गेल्याच महिन्यात बाणेरला आलं होतं. तिने दुसरं नाव वाचलं, फोन पर्समध्ये टाकला आणि स्टँडअपला दोन मिनिटं उशिरा पोचली.